पाच मिनिटांचे डॉक्टर

माणसाला पाच मिनिटं बोला म्हटलं की तो सात मिनिटं बोलतो आणि शेवटी 'वेळेअभावी थांबतो' असंही म्हणतो. त्याचं हे वाक्यसुद्धा मलाच कापावं लागतं. रेडिओवरच्या भाषणांचं संपादन करणाऱ्याला असं दाक्षिण्य परवडत नाही. भाषणाच्या मागे बातम्या उभ्या असतात आणि बातम्या कुणासाठी थांबत नाहीत.

समजा, एक डॉक्टर साध्या तापावर आणि अँटिबायोटिकवर बोलून गेलेत. ध्वनिमुद्रण भरलंय ७ मिनिटं १० सेकंद. जागा पाच मिनिटांची, त्यातली २० सेकंद दोन्ही टोकांच्या उद्घोषणांना जाणार. म्हणजे डॉक्टरांच्या वाट्याला ४ मिनिटं ४० सेकंद आणि माझ्या वाट्याला १५० सेकंदांचं पाप.

पहिल्यांदा हात बांधून सगळं ऐकायचं आणि मुद्दे कागदावर उतरवायचे. मग मोठे तुकडे उचलायचे. नमस्कार, केंद्राचे आभार, 'खरं तर मी वक्ता नाही' हे सगळं ३५ सेकंदांचं. ते वक्ते नाहीत हे पुढे कळणारच असतं. त्यानंतर आजीच्या काढ्याची आठवण. ती गोड आहे, पण एक मिनिटाची आहे. तिला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट आहे, त्यामुळे ती निघून गेली तरी भाषणाला भोक पडत नाही. मला मात्र चुटपुट लागते. पुढे एकच मुद्दा दोनदा आलाय. अशा वेळी मी बहुधा दुसरा ठेवतो, कारण तोवर बोलणाऱ्याची जीभ सैल झालेली असते. फक्त त्याच्या आरंभी 'मघाशी म्हटलं तसं' आहे का, ते पाहायचं. असेल तर तेही गेलं पाहिजे, कारण ते मघाचं आता उरलेलंच नाही. इथे ३० सेकंद सुटली.

राहिली २५. आता श्वासांकडे वळायचं. टेपच्या काळात फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावायची, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा श्वास वीतभर नाही, तरी अर्ध्या वितीचा ऐवज म्हणून जमिनीवर पडलेला दिसायचा. आता तो पडद्यावर नुसता पुसला जातो, म्हणून हात जास्तच मोकळा सुटतो. पण सगळेच श्वास काढले तर ऐकणाऱ्यालाच धाप लागते. श्वास काढायचा नसतो, आखूड करायचा असतो. जिथे जोड दिसून येतो तिथे त्याच खोलीतली रिकामी शांतता भरायची. कोरी शांतता कानाला खड्ड्यासारखी लागते.

काही विराम तर बोलतात. 'तान्हं मूल असेल तर...' म्हणून डॉक्टर दोन सेकंद थांबतात आणि मग म्हणतात, 'मी वाट बघणार नाही.' ती दोन सेकंद काढली तर एक शब्दही न बदलता विचार करणारे डॉक्टर ठणकावून सांगणारे होतात. तो विराम सोडून बाकीच्यांतून १३ सेकंद मिळाली.

शेवटची १२ उरली आणि खरा मोह इथेच होतो. एक वाक्य सहज काढण्याजोगं सापडतं: 'पण ताप हटेना किंवा धाप लागली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.' हे कुणाला माहीत नाही, असं मन म्हणतं. पण ते काढलं की उरलेलं भाषण सांगू लागतं की तापाला डॉक्टर लागतच नाहीत. 'पण', 'बहुधा', 'शक्यतो' हे शब्द अगदी सहज निघतात आणि बोलणाऱ्याची जबाबदारी नेमकी त्यांच्यातच असते. म्हणून मी एका शेजाऱ्याच्या सर्दीचं उदाहरण अख्खं काढतो. मुद्दा तोच राहतो, फक्त त्याचा एक साक्षीदार कमी होतो.

मराठीत आणखी एक सापळा आहे. आपला नकार वाक्याच्या शेपटीला बसतो आणि तिथवर येताना आवाज उतरलेला असतो. 'प्रत्येक तापाला अँटिबायोटिक लागतं असं नाही' यातलं 'असं नाही' पडद्यावर इतकं बारीक दिसतं, की डोळ्यांनी कापणारा त्याला शांतता समजून उडवतो. मग डॉक्टर गावभर अँटिबायोटिक वाटत सुटतात. त्यामुळे प्रत्येक काप डोळे मिटून, आधीच्या आणि पुढच्या वाक्यासकट ऐकावाच लागतो.

शेवटची परीक्षा सोपी असते. मूळ भाषण न ऐकलेल्या माणसाला कापलेलं ऐकवायचं आणि 'डॉक्टर काय म्हणाले?' एवढंच विचारायचं. त्याचं उत्तर कागदावरच्या मुद्द्यांशी जुळलं तर काम झालं. नाही जुळलं तर मूळ ध्वनिमुद्रणाकडे परतायचं, म्हणून ते कधीच पुसायचं नसतं.

तेव्हा वक्तेहो, एक विनंती आहे. पाच मिनिटं दिली असतील तर साडेचार बोला, आणि आजी फारच प्रिय असेल तर आधी तिचं सांगू नका, 'पण'चं सांगा.