शेवंतीची मावसबहीण

लेकीने परदेशातून कॅमोमाईल चहाचा खोका पाठवला. "बाबा, झोपताना एक पुडी उकळत्या पाण्यात, वर झाकण, पाच मिनिटं." दूध नाही, साखर नाही, आलं नाही, याला चहा म्हणायला मन धजेना. हिने कप हुंगला. "अहो, ही तर वाळलेली शेवंती!"

हिचं नाक पुढे खरं ठरलं.

पहिल्या रात्री ओठ जरा चुरचुरले. चहा गरम असेल, म्हटलं. दुसऱ्या रात्री टाळूही खाजली आणि पहाटे तीनला बाथरूमकडे जाताना मी कपाटाला नमस्कार घातला, कपाळाने. तिसऱ्या रात्री पंधरा मिनिटांत वरचा ओठ असा फुगला, की ही घाबरली.

सकाळी डॉक्टरांनी आधी विचारलं ते चहाचं नव्हे. "पावसाळ्यात पापण्या, मान खाजते?" खाजते. कात्रज तलावाकाठी फिरून आलो की हमखास. "गाजर गवत," ते म्हणाले. अमेरिकेतून आलेल्या या पाहुण्याकडे देशाचं लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकात. आता घाटापर्यंत त्याचंच राज्य. गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि कॅमोमाईल, सगळं एकच खानदान. शिवाय या चहात पानं नसतातच, अख्खी फुलं असतात, परागांसकट. म्हणजे ज्याला चुकवायला मी नाकाला रुमाल बांधून फिरत होतो, त्याच्याच भावकीला रात्री उकळून पीत होतो!

डॉक्टरांनी एक बारकावा सांगितला. गवताने कातडीवर उठणारा पुरळ दिवसा-दोन दिवसांनी दिसतो. ओठ लगेच सुजणं ही परागांवरची निराळी चिडचिड. एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही, आणि दारच्या झेंडूच्या तोरणाने काही होत नाही म्हणून कॅमोमाईल सोसेल, असंही नाही. ओठांपाशी थांबलं हे नशीब. घसा आवळला, श्वास लागला, तर उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

"आणि कपाळाला काय झालं?" त्यांनी विचारलं. मग झोपेची अर्धी गोळी कबूल करावी लागली. चहा झाडपाल्याचा, त्याचं गोळीशी काय नातं, असा माझा हिशेब. तर या फुलातलं एपिजेनिन म्हणे मेंदूत तिथेच जाऊन बसतं, जिथे माझी गोळी बसते. बसतं दुबळेपणाने, एका कपाने एरवी फारसं बिघडत नाही. पण गोळी, चहा, सत्तरी आणि अंधार एकत्र आले की कपाट पुढे येतं.

"मग गोळी सोडून नुसता—" म्हणेपर्यंत त्यांनी हात वर केला. चहा तर माझ्यासाठी बंदच. आणि रोजची गोळी एकदम तोडली तर झोप आणखी उडते. कमी करायची ती त्यांना विचारून, हळूहळू.

खोका फडताळात आहे. पाहुणे आले की ही आधी गाजर गवताची चौकशी करते, मग गोळ्यांची, तेवढ्यात पाहुणे म्हणतात, "वहिनी, साधाच टाका."