पोत गेली, वरचे पैसे कुठं?

गावाचं नाव सोनाळा, म्हणून घरोघरी सोनं लोळतंय असं नाही. असतं ते पेरणीआधी तारणात जातं. परत येणं कापूस-सोयाबीनच्या भावावर!

भाव पडला, हप्ता चुकला, लिलाव झाला. आपण म्हणतो, पोत गेली, विषय संपला.

विषय तिथंच सुरू होतो.

समजा, पोतीची आजची किंमत 2 लाख आणि व्याजासकट थकबाकी दीड लाख. कर्ज वसूल झालं की पुरे, म्हणून बँकेनं दीड लाखात पोत फुंकून टाकावी? नाही. रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेत. त्यांत राखीव किंमत आजच्या किमतीच्या किमान 90 टक्के आहे, म्हणजे 1 लाख 80 हजार. दोनदा लिलाव फसला तरच ती 85 टक्क्यांवर, म्हणजे 1 लाख 70 हजारांवर येऊ शकते.

म्हणजे पोत 1 लाख 80 हजारांत गेली, तर वरचे 30 हजार कुणाचे? तुमचेच. लिलावाची पूर्ण रक्कम हाती आल्यापासून जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत ते परत करायचे. किती आले, किती वळते केले, याचा हिशोबही द्यायचा.

मागितला कधी कुणी?

लिलावाआधी नोटीस आणि पैसे भरायला पुरेशी मुदत देणं सक्तीचं आहे. कर्जदार सापडलाच नाही, तर जाहीर नोटीस काढायची आणि महिनाभर थांबायचं. इथंच गोची होते. पत्ता जुना, मोबाइल बदललेला, बँकेला कळवलेलं काहीच नाही. मग नोटीस फिरत राहते आणि पोत निघून जाते.

लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते. एक स्थानिक भाषेतलं, एक राष्ट्रीय. तेच पान आपल्याकडं भजी बांधायला जातं.

पहिला लिलाव शाखेच्याच जिल्ह्यात. पण सोनाळ्याच्या माणसानं तेल्हाऱ्यात तारण ठेवलं असेल, तर तो जिल्हा अकोला! बुलढाण्यात वाट बघत बसू नका. धनको आणि त्याच्या गोतावळ्यातल्यांनी बोली लावायची नाही, हेही लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय म्हणजे पाळतातच, असं मी म्हणालो नाही.

उलटं झालं तर? लिलावात थकबाकी भागली नाही, तर उरलेली रक्कम करारानुसार तुमच्याकडूनच वसूल होते.

हे सगळं बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, सावकार 2014 च्या राज्य कायद्याखाली. पण वाजवी नोटीस द्या आणि वरचे पैसे परत करा, हे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 176 मध्येच आहे.

बँकेत किंवा कंपनीत पोत गेली असेल, तर हिशोब लेखी मागा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तक्रारीला पैसे पडत नाहीत.