गजराची सुट्टी

बारावीचा पेपर अकराला, केंद्रावर हजेरी साडेदहाला. बंड्याने पहाटे पाचचा गजर लावलेला होता; फक्त त्याखाली सोमवार ते शुक्रवार एवढेच वार निवडलेले होते आणि पेपर होता शनिवारी. फोन गप्प राहिला. घरात नियम पाळणारा तो एकटाच!

दहाला आईने पांघरूण ओढलं. "मला वाटलं, रात्रभर जागलायस, झोपू दे जरा!" बंड्या एका हातात हॉलतिकीट, दुसऱ्यात चप्पल घेऊन रिक्षात बसला. पावणेअकराला फाटकावर हातापाया पडून आत गेला.

इकडे वडील शेजाऱ्यांना मोबाइलने पिढी कशी बिघडवली ते सांगत होते. तेही साडेदहालाच उठले होते. ऑफिसला शनिवारची सुट्टी असते.