दोन मालक, एक पॅन

नोकरी बदलताना मंडळी सगळं विचारून घेतात: हातात किती पडणार, घरून काम किती दिवस. आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्यायचा असतो, हे मात्र कुणी विचारत नाही. कंपनीही विचारतेच असं नाही.

2025-26 ची नवी करप्रणाली घ्या. सप्टेंबरपर्यंत पहिल्या कंपनीत 6 लाख मिळाले, ऑक्टोबरपासून दुसरीत 7.5 लाख. दोन्हीकडच्या हिशेबनिसांनी आपापली 75 हजारांची प्रमाणित वजावट उदारपणे दिली, उरलेली रक्कम 12 लाखांच्या आत पाहिली आणि टीडीएस शून्य लावला. दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर! आयकर खातं तेवढं अरसिक. ते पॅनवर बेरीज करतं. वजावट एकदाच, उत्पन्न 12.75 लाख, सवलत गायब, आणि सेससह कर 74,100 रुपये. जुलैत विवरणपत्र भरायला बसलेला गृहस्थ मग सरकारला लुटारू म्हणतो.

उपाय साधा असल्यामुळेच दुर्लक्षित आहे. रुजू होताच फॉर्म 12बी भरून जुना पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायचा; मग ती उरलेल्या महिन्यांत थोडाथोडा कर कापते. पगार कमी आला म्हणून कुरकुरायचं नाही. आणि जुना पगार नव्या साहेबांना दाखवायची लाज वाटत असेल, तर आगाऊ कर स्वतः भरावा. 31 मार्च उलटला, की थकबाकीवर एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज सुरू.