शेगडीला वैल कुठाय?

गेल्या ३१ डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी पंधरा जणांना कोळशावरचं चिकन खाऊ घालणार होतो. प्रत्यक्षात त्या पंधरा जणांनी रात्री साडेअकराला नाक्यावरची पावभाजी खाल्ली, आणि तीही वर्गणी काढून.

तयारीत कसर नव्हती. लोखंडी पिंप आडवं कापून शेगडी करून घेतली होती, वर जाळी. कोळसे या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवल्यासारखे एकसारखे पसरले. तंगड्यांना दही, आलं-लसूण, तिखट आणि चकाकी यावी म्हणून मध. जाळीवर ठेवताच चर्र झालं, सगळ्यांनी मोबाइल काढले. तेवढ्यात कातडीखालची चरबी वितळून निखाऱ्यांवर ठिबकली आणि भडका उडाला. तंगडी बाजूला सरकवावी, तर बाजूलाही निखारेच. पाण्याचे हबके मारले, तर राख उडून मसाल्यात भर पडली. मध तर पहिल्या दोन मिनिटांतच काळा झाला होता. शेजारच्या काकांनी पहिला घास घेतला आणि अतिशय सुसंस्कृतपणे तो परत ताटात ठेवला. वरच्या कातडीवर अग्निसंस्कार झाला होता, हाडाजवळची मंडळी अजून फ्रीजच्या आठवणीत होती.

जानेवारीत कोकणातून आत्या आली. तिनं सगळी कहाणी ऐकली, शेगडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "सगळं खरं रे, पण ह्याला वैल कुठाय?"

ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीच्या शेजारी, तिच्याच जाळावर तापणारं जे दुसरं तोंड असतं ते वैल. भाताला उकळी चुलीवर आणायची आणि मग भांडं वैलावर सरकवायचं. तिथे तो निवांत शिजतो, करपत नाही. माझ्या शेगडीत चूलच चूल होती. निखाऱ्याची आच कातडीला पाच मिनिटांत जाळते. आत मात्र उष्णता मांसातून पायी चालत जाते, आणि हाडाच्या सांध्यापर्यंत पोचायला तिला अर्धा तास सहज लागतो. आच वाढवून ती लवकर पोचत नाही, फक्त दार जळतं.

दुसरा प्रयोग आत्याच्या देखरेखीखाली झाला. आठ अख्ख्या तंगड्या, मांडीसकट. कोळसे पेटवून वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, त्यांच्यावर राखेची करडी साय येईपर्यंत. मग सगळे चिमट्यानं डाव्या अर्ध्यात ढकलले आणि उजवा अर्धा रिकामा ठेवला. आत्यानं जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळहात धरला. निखाऱ्यांवर 'तीन' म्हणेपर्यंत तिचा हात मागे आला. रिकाम्या बाजूला तिनं आठपर्यंत मोजलं आणि मला म्हणाली, "हं, ठेव आता."

तंगड्या उजवीकडे ठेवल्या, मांडीचा जाड भाग निखाऱ्यांकडे. मग झाकण. हे मी पूर्वी सामान झाकायला वापरायचो. झाकण नसेल तर वैलाची बाजू म्हणजे नुसती उबदार गच्ची. ते लावलं की गरम हवा आत फिरते आणि तंगडी चारही बाजूंनी भाजते. झाकणाचं भोक मात्र चिकनच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे धूर आणि गरम हवा चिकनवरूनच बाहेर पडते. खालचं भोकही उघडं हवं, नाहीतर निखारे गुदमरतात. चरबी आताही ठिबकते, पण रिकाम्या तळावर, त्यामुळे भडका नाही. मी दर तीन मिनिटांनी झाकण उचलून बघत होतो. प्रत्येक वेळी आतली गरम हवा पळून जात होती. चौथ्या वेळी आत्यानं चिमटा माझ्या हातातून काढून घेतला.

पस्तीस मिनिटांनी मी स्वयंपाकाचा थर्मामीटर मांडीत खुपसला. हाडाला टेकवायचा नाही, आकडा चुकीचा येतो. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण तंगडी तिथे जरा चिवट लागते. ८० पर्यंत जाऊ दिली की सांध्यातलं चिवट विरघळतं. छातीचा तुकडा असता तर मात्र तो ७४ लाच उतरवावा, पुढे त्याचा भुसा होतो. एका तंगडीत हाडाजवळ गुलाबी दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण आकडा ८० होता. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग तसा उतरतो. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, हेही मी तेव्हाच शिकलो.

मग कुठे तंगड्या डावीकडे आल्या. मध आता लावला. निखाऱ्यांवर एकेक मिनिट, उलटसुलट, झाकण उघडं आणि नजर जाळीवर. भडका उडाला की लगेच वैलावर. कातडी कुरकुरीत, तांबूस.

शेजारच्या काकांनी दोन खाल्ल्या. आत्यानं एक चाखली, हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाली, "मीठ कमी."