दीड हात बांध

सांबऱ्याच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, बांधाच्या तंट्यापायी तीस वर्षे ज्याचा उंबरा ओलांडला नाही त्या बालमित्रास परवा पत्र लिहिले, आरंभी 'रा. रा.' असा कोर्टी मायना, आणि तिसऱ्याच ओळीत 'गड्या'. तंटा दीड हात रुंद नि दोनशे हात लांब अशा पट्टीचा, म्हणजे पुरत्या गुंठ्याचाही नव्हे.

"बारा वर्षांच्या वहिवाटीने मालकी लागते असे वकिलाने पढविले," ते लिहितात, "परंतु ती वहिवाट मालकाच्या विरुद्ध, उघड असावी लागते, आपण तर त्याच बांधावर बसून एकमेकांची भाकरी खाल्ली, मग विरुद्ध कोण? आता उताराही कानडीत येतो. मी कोणत्या जमिनीसाठी भांडलो, ते नातू वाचून सांगतो."

1956 साली सांबऱ्यासह बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या हद्दीचा महाराष्ट्राने 2004 साली लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अद्याप प्रलंबित असता, या गृहस्थांनी अवघ्या तीस वर्षांत तडजोडीची भाषा काढावी, हा उतावळेपणाच म्हणावयाचा.

बांधावर हल्ली बाभूळ उगवली आहे. ती कोणाची, हे मात्र पत्रात लिहिलेले नाही.