वाकावे कसे: एक संहिता

परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी नमस्काराची संहिता लिहिताना आधी कुणापुढे वाकायचे आणि कुणापुढे हात जोडायचे, हे ठरवावे लागते. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, मामा-मामी यांच्या पाया पडायचे. शेजारी, दुकानदार आणि लांबचे पाहुणे यांना छातीपाशी हात जोडायचे. कुणी आडवे झाले असेल किंवा जेवत असेल, तर उठेपर्यंत थांबायचे. डोक्याच्या वर हात जोडून चालत्या गाडीतून केलेला नमस्कार बारामतीत दिसला, तर तो निवडणुकीचा समजावा. मुलाने उचलू नये.

या यादीत काकाचे नाव आजी-आजोबांच्या लगेच खाली येते. संहिता काकाने लिहिली, याखेरीज त्याला कारण नाही. पाहुणे यायच्या दिवशी हा काका पाय धुऊन, खुर्ची दारासमोर ओढून पेपर वाचत बसतो आणि पावले तेवढी मोकळी ठेवतो.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. चप्पल बाहेर काढावी, फोन आईकडे द्यावा, कमरेतून वाकावे, दोन्ही हात पावलांना लावून कपाळाला न्यावेत. बरीच मुले गुडघ्यापाशीच थांबतात. मग आजी विचारते, "माझा गुडघा दुखतोय, हे तुला कुणी सांगितलं?"

मुलाने म्हणायचे, "पाया पडतो, आजी." आजी म्हणते, "असू दे, असू दे." इथे उठू नये, असू दे म्हणताना पावले तसूभरही मागे जात नाहीत. "औक्षवंत हो" ऐकले की उठावे. त्या वेळी पाठीवरून फिरणारा हात आशीर्वाद देताना बरगड्याही मोजत असतो. पोर तिकडे नीट जेवते का, हे आजीला फोनवर कुणी खरे सांगत नाही.

आषाढीच्या आधी मूल गावी आले, तर मात्र सगळा क्रम कोलमडतो. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते. काटेवाडीत धोतराच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढे बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्व धावून गेला, की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, हुद्दा कुणी विचारत नाही. सत्तरीचा माणूस आठ वर्षांच्या मुलापुढे "माउली" म्हणत वाकतो. मुलाने गांगरून आईमागे लपू नये. आपणही वाकावे, फक्त डोकी आपटणार नाहीत इतके बाजूला सरकून. तिथे मोकळ्या पावलांचा काकाही दिसेल त्याच्यापुढे वाकत असतो आणि खुर्चीची आठवण काढत नाही.

शेवटचा नियम आईबापांसाठी आहे. पाहुण्यांसमोर मुलाची मान धरून वाकवू नये. असा नमस्कार आईबापांच्या मिरवण्यासाठी असतो आणि मुलाला फक्त मानेवरचा हात लक्षात राहतो. मूल लाजले, तर हात जोडणे पुरते. व्हिडिओ कॉलवरही तेवढेच करावे, कारण फोन पावलांकडे वळवला, की आजीला तो पुन्हा सरळ धरता येत नाही.